वारसाहक्काने आलेला बेळगावातील प्लॉट : ई.सी. कोरी आहे, तरी संचकार द्यावा का?

वडगावकर

नमस्कार. बेळगावच्या एका उपनगरातील, नव्वदच्या दशकात बिनशेती झालेल्या लेआउटमधील 1200 चौरस फुटांचा मोकळा प्लॉट घेण्याचे आमचे जवळजवळ ठरले आहे. किंमत 45 लाख रुपये असून संचकार म्हणून 5 लाख रुपये पुढच्या आठवड्यात द्यावयाचे आहेत. ज्या गृहस्थांनी हा प्लॉट 1998 साली नोंदणीकृत खरेदीपत्राने घेतला, ते 2021 मध्ये वारले. विक्री करणारे चौघे म्हणजे त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. चौघांचीही नावे सिटी सर्व्हेच्या सीटीएस उताऱ्यावर आणि पालिकेच्या खात्यावर लागली आहेत, चौघेही सज्ञान आहेत आणि सही करण्यास तयार आहेत.

नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून मी स्वतः ई.सी., म्हणजे मिळकतीवरील नोंदणीकृत दस्तांचा दाखला, काढली. 1 एप्रिल 2004 पासून आजपर्यंतच्या काळासाठी नमुना 16 मिळाला आहे, म्हणजे या मिळकतीवर एकही नोंद नाही. बँकेच्या वकिलांनीही तोंडी हरकत नसल्याचे सांगितले. एवढी कागदपत्रे पुरेशी आहेत, की संचकार देण्यापूर्वी आणखी काही पाहावे?

पंचगंगाकाठ

इंडेक्स टू काढून घ्या, तो ऑनलाइन मिळतो. शिवाय सातबारा आणि त्यावरील फेरफार क्रमांक पाहा. आम्ही गेल्या वर्षी कोल्हापूरजवळ प्लॉट घेतला तेव्हा सगळा इतिहास फेरफारांतच मिळाला होता.

वडगावकर

आभारी आहे, परंतु मिळकत कर्नाटकात आहे. येथे शेतजमिनीसाठी सातबाऱ्याच्या जागी पहाणी असते आणि नोंदणीचा शोध ई.सी.च्या रूपानेच मिळतो. शिवाय हा प्लॉट सिटी सर्व्हेत आल्यामुळे त्याचा सीटीएस उतारा निघतो.

अनगोळचा दादा

माझ्या मते आपण विनाकारण काळजी करीत आहात. वारसा नोंद होण्यापूर्वी नोटीस निघते, हरकतीसाठी ठरावीक मुदत असते आणि त्या मुदतीत कोणी आले नाही तर नोंद पक्की होते. सरकारी दप्तरात चौघांची नावे आहेत, ई.सी. कोरी आहे, बँक कर्ज देण्यास तयार आहे. यापेक्षा अधिक कोणी काय पाहावे? सज्ञान मुलीची सही मिळते आहे हे उत्तमच. 1994 च्या आधी तिचे लग्न झाले असते, तर तिच्या सहीचीही गरज पडली नसती.

जुने दफ्तर

मी एकतीस वर्षे सबरजिस्ट्रार कचेरीच्या बाहेर बॉण्ड रायटर म्हणून दस्त लिहिले. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कोऱ्या ई.सी.ची. आपल्या प्लॉटची शेवटची खरेदी 1998 मधील आहे आणि आपण शोध घेतला तो 2004 पासूनचा, त्यामुळे ज्या खरेदीवर विक्रेत्यांचा सगळा हक्क उभा आहे ती खरेदीच आपल्या ई.सी.मध्ये नाही. 2004 च्या आधीच्या काळासाठी सबरजिस्ट्रार कचेरीत अर्ज देऊन जुन्या सूचीतून शोध घ्यावा लागतो. तो किमान तीस वर्षांचा घ्या, म्हणजे लेआउट पाडणाऱ्या मूळ जमीनमालकापर्यंत पोहोचाल. अर्जात मिळकतीचे वर्णन एकाच प्रकारे देऊ नका. 1998 च्या दस्तात बहुधा सर्व्हे नंबर, हिस्सा आणि प्लॉट नंबर असेल, सीटीएस नंबर नंतर पडला असेल. शोध वर्णनावरून होतो, म्हणून फक्त सीटीएस नंबर घालून काढलेली ई.सी. कोरी आली तर ती मिळकत बोजाविरहित आहे असे समजू नये. त्या वर्णनाखाली काही सापडले नाही, इतकेच त्यातून कळते. योग्य वर्णनाने आणि योग्य काळासाठी शोध घेतला, तर आपल्याला नमुना 15 मिळाला पाहिजे आणि त्यात 1998 ची खरेदी दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत शोध लागला असे मानू नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ई.सी.मध्ये नोंदलेले दस्त दिसतात, मरण दिसत नाही. माणूस वारला त्या क्षणी मिळकत कायद्याने वारसांकडे जाते आणि त्यासाठी सबरजिस्ट्रारकडे कोणताही दस्त होत नाही. म्हणून वारशाच्या मिळकतीत दस्तांच्या शोधाइतकाच मृत्यूंचा शोध घ्यावा लागतो. माझा आपल्याला एकच प्रश्न आहे : 2021 मध्ये हे गृहस्थ वारले तेव्हा त्यांची आई हयात होती का?

अनगोळचा दादा

आईचा येथे काय संबंध? प्लॉट मुलाने स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे.

जुने दफ्तर

स्वतःच्या पैशाने घेतला म्हणूनच संबंध आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे पहिल्या वर्गातील वारस एकाच वेळी वारस होतात. त्यांत पत्नी, मुलगे, मुली यांच्याबरोबर आईही असते आणि तिचा वाटा मुलाइतकाच असतो. वडील त्या वर्गात नाहीत, पण आई आहे. आपल्याकडे मिळकत पुढच्या पिढीकडे जाते असे मनात इतके पक्के बसले आहे की मागे वळून आईकडे कोणी पाहत नाही.

आपण 1994 चा उल्लेख केला, त्याविषयीही सांगतो. कर्नाटकाची दुरुस्ती 30 जुलै 1994 पासून आली आणि तीत आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद राहिला नाही, आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात मुलीचा हक्क जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. शिवाय तो सगळा वाद वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचा आहे. स्वकष्टार्जित मिळकतीत विवाहित मुलगी 1956 पासूनच वारस आहे.

शहापूरची सून

आमचा अनुभव लिहिते, कदाचित उपयोगी पडेल. आम्ही एक फ्लॅट वारसांकडून घेतला, तेव्हाही ई.सी. कोरी होती. आम्हाला दाखवलेली मूळ खरेदीपत्राची प्रत झेरॉक्स होती आणि मूळ दस्त वडिलांच्या आजारपणात कुठेतरी गहाळ झाला असे सांगण्यात आले. माणसे चांगली वाटली, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. सहा महिन्यांनी एका पतसंस्थेची नोटीस दाराला चिकटलेली आढळली. वडिलांनी हयात असताना मूळ खरेदीपत्र तेथे ठेवून व्यवसायासाठी कर्ज घेतले होते आणि वारसांपैकी दोघांना तर ते ठाऊकही नव्हते. शेवटी त्या चौघांनी मिळून रक्कम भरली, परंतु तोवर आमचे वर्ष गेले. तुम्ही मूळ दस्त डोळ्यांनी पाहिला आहे का?

वडगावकर

ताई, मूळ दस्त पाहिला आहे. तो थोरल्या मुलाच्या कपाटात आहे आणि त्यावर नोंदणीचे शिक्के आहेत. आईविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आज माझ्याकडे नाही. विक्रेत्यांनी मला हयात कुटुंबीयांचा दाखला आणि वंशवृक्ष दिला आहे, त्यात आजींचे नाव नाही.

जुने दफ्तर

ताईंनी सांगितलेला प्रकार नेहमीचा आहे. मूळ दस्त ठेव म्हणून देऊन केलेल्या गहाणाचा करार नोंदवला नसेल तर तो ई.सी.मध्ये येत नाही. बँकेचे कर्ज असल्यास सेर्साई या तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदवहीत शुल्क भरून शोधता येते, पण लहान पतसंस्थेचा व्यवहार तिथे मिळेलच असा भरवसा धरू नये. मूळ दस्त हातात घेऊन पाहणे हाच त्यावर खरा उपाय. दस्त हरवला असे म्हणत असतील तर घाई करू नये.

आता वंशवृक्षाविषयी. तो अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावर आणि तलाठ्याच्या चौकशीवर तयार होतो आणि बहुतेक वेळा तो मयतापासून खाली लिहिलेला असतो. मयताच्या नावाखाली पत्नी आणि मुले येतात, वरची ओळ कोणी विचारत नाही. हयात कुटुंबीयांच्या दाखल्यातही अर्जाच्या दिवशी जे हयात आहेत त्यांचीच नावे येणार. आजी मुलाच्या नंतर आणि दाखल्याच्या आधी वारल्या असतील, तर त्यांचा हक्क तयार झालेला असूनही त्या कोणत्याच कागदावर दिसणार नाहीत. म्हणून वंशवृक्ष मयताच्या आईवडिलांपासून मागा आणि प्रत्येक मृत व्यक्तीचा मृत्यूचा दाखला तारखेसह घ्या. कोण कोणाच्या आधी वारले, यावर सगळे गणित अवलंबून असते.

एक साधी युक्तीही सांगतो. मयताची वर्तमानपत्रातील निधनवार्ता शोधा. 'त्यांच्या पश्चात' या शब्दांनंतर घरच्यांनी दुःखाच्या वेळी जी नावे दिलेली असतात, ती मिळकतीचा विचार न करता दिलेली असतात, म्हणून ती बहुधा पूर्ण असतात.

वडगावकर

चार दिवसांनी लिहीत आहे. निधनवार्ता मिळाली. त्यात 'पश्चात आई, पत्नी, दोन मुलगे, मुलगी, भाऊ, बहीण, नातवंडे असा परिवार' असे स्पष्ट छापलेले आहे.

थोरल्या मुलाला विचारले, तेव्हा त्याने काहीही न लपवता सांगितले की आजी 2023 मध्ये वारल्या आणि आजोबा त्याच्या लहानपणीच वारले होते. आजींना या गृहस्थांशिवाय आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. काका खानापूर तालुक्यात राहतात, आत्या लग्न होऊन कोल्हापुरात आहेत. आजींचा वाटा होता हे त्यांच्या घरात कोणाच्याही लक्षात आलेले नव्हते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आता वाटे नेमके कसे पडतात?

जुने दफ्तर

मृत्युपत्र कोणाचेच नाही असे धरून सांगतो. 2021 मध्ये पत्नी, दोन मुलगे, मुलगी आणि आई असे पाच वारस झाले, म्हणजे प्रत्येकी एक पंचमांश. 45 लाखांच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येकी 9 लाख.

2023 मध्ये आजी वारल्या, तेव्हा त्यांचा 9 लाखांचा वाटा कलम 15 प्रमाणे त्यांच्या मुलांकडे गेला. त्यांच्या तीन मुलांचे तीन भाग पडतात : काकांना 3 लाख, आत्यांना 3 लाख आणि आधीच वारलेल्या मुलाच्या जागी त्याच्या तीन मुलांना मिळून 3 लाख, म्हणजे प्रत्येकी 1 लाख. सुनेला सासूच्या वाट्यातून काही मिळत नाही, म्हणून पत्नीचा वाटा 9 लाखांवरच राहतो. तीन मुलांचे प्रत्येकी 10 लाख होतात. 30, 9, 3 आणि 3 मिळून 45 लाखांचा हिशेब जुळतो.

म्हणजे उताऱ्यावरील चौघांनी सही केली तर आपल्याला 39 लाखांची मिळकत मिळते आणि 6 लाखांच्या वाट्याचे दोन सहहिस्सेदार आपल्या प्लॉटवर राहतात. रक्कम लहान वाटेल, परंतु सहहिस्सेदार वाटणीचा दावा लावू शकतो आणि दावा चालू असेपर्यंत त्या प्लॉटवर बांधकामासाठी कर्ज मिळविणे किंवा तो पुढे विकणे अवघड होते.

अनगोळचा दादा

गणित मान्य आहे, पण व्यवहार म्हणून विचारतो. काका आणि आत्यांनी वारसा नोंदीला हरकत घेतली नाही. आता कन्नड आणि मराठी अशा दोन्ही दैनिकांत जाहीर नोटीस द्यावी, पंधरा दिवस वाट पाहावी आणि दस्त करून टाकावा. पुढे ते आले तरी खरेदीदाराने चांगल्या हेतूने, किंमत देऊन मिळकत घेतली आहे असे कोर्ट पाहीलच.

खानापूरचा काळा कोट

वकिली करतो, म्हणून थोडे सावधपणे लिहितो. उताऱ्यावरील किंवा खात्यावरील नोंदीला कायदा खरेपणाचे गृहीतक देतो, परंतु ते विरुद्ध पुरावा येईपर्यंतच असते. नोंदीने हक्क निर्माण होत नाही आणि हरकत न घेतल्याने हक्क बुडत नाही. जाहीर नोटीस जरूर द्यावी, कारण तिच्यामुळे एखादा अनपेक्षित दावेदार, करार करून बसलेला जुना खरेदीदार किंवा मृत्युपत्र घेऊन बसलेला नातेवाईक पुढे येऊ शकतो. मात्र नोटिशीला उत्तर दिले नाही म्हणून कोणाचा वाटा संपत नाही. चांगल्या हेतूच्या बचावासाठी खरेदीदाराने वाजवी चौकशी केलेली असावी लागते. येथे तर वडगावकरांना आजींचा वाटा आता स्वतःलाच माहीत झाला आहे, त्यामुळे उद्या ते माहीत नव्हते असे म्हणू शकणार नाहीत.

माझा सल्ला असा की काका आणि आत्यांना खरेदीपत्रात विक्रेते म्हणून घ्यावे आणि त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्याच नावे धनादेशाने द्यावी.

जुने दफ्तर

आमच्याकडे अशा वेळी त्यांना संमतीदार म्हणून सही करायला लावत असत आणि तसे शेकडो दस्त झाले आहेत.

खानापूरचा काळा कोट

झाले आहेत, आणि त्यांतील काही माझ्याकडे वादाच्या रूपाने आले आहेत. संमतीदाराने नेमके काय दिले, स्वतःचा वाटा हस्तांतरित केला की फक्त विक्रीला हरकत नसल्याचे सांगितले, हे दस्ताच्या भाषेवर ठरते आणि ती भाषा पुष्कळदा ढिसाळ असते. ज्याच्याकडे वाटा आहे त्याने तो विकला, असे सरळ लिहिलेले बरे. आत्यांना येणे जमत नसेल तर कोल्हापुरात त्यांच्या राहत्या भागातील सबरजिस्ट्रारसमोर नोंदवलेले मुखत्यारपत्र घ्यावे, त्यात सीटीएस नंबर, चतुःसीमा आणि विक्रीचा स्पष्ट अधिकार लिहिलेला असावा. साध्या कागदावरील हक्कसोड किंवा नोटरीसमोरील संमतीपत्र यावर अवलंबून राहू नये. स्थावर मिळकतीतील हक्क सोडणारा दस्त नोंदवलेलाच लागतो.

आणखी एक तपासणी घरबसल्या होते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने दावे शोधता येतात. वाटणीचा दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधील असते आणि असा दावा ई.सी.मध्ये दिसेलच असे नाही. बेळगाव आणि खानापूर अशा दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांत काका, आत्या आणि मयत अशा तिघांच्या नावाने शोधा. नावाची इंग्रजी अक्षरे कारकून जशी टंकतो तशी असतात, म्हणून एकाच आडनावाची दोन-तीन रूपे घालून पाहावी लागतात.

शहापूरची सून

आमच्या वेळी हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. एक विचारते, आत्यांनी पैसे नको म्हटले आणि भावाच्या मुलांसाठी वाटा सोडते असे म्हटले, तर?

जुने दफ्तर

तरीही सही लागतेच. प्रेमाने सोडायचे असले तरी नोंदणीकृत दस्तानेच सोडावे लागते, आणि भाच्यांच्या नावे वेगळा दस्त करण्यापेक्षा खरेदीपत्रातच त्यांनी विक्रेत्या म्हणून यावे, म्हणजे एका दस्तात काम होते. पैसे घेऊन नंतर भाच्यांना परत द्यायचे असतील तर तो त्यांच्या घरातील प्रश्न आहे.

वडगावकर

पुन्हा आठ दिवसांनी लिहीत आहे. 1990 पासूनची ई.सी. हाताने शोधून मिळाली आणि सर्व्हे नंबर व प्लॉट नंबर घातल्यावर नमुना 15 आला. त्यात 1998 ची खरेदी आहे आणि तिच्या आधी मूळ जमीनमालकाने लेआउट करणाऱ्याला दिलेला दस्तही आहे. ई-कोर्ट्सवर दावा सापडला नाही. काका एका भेटीत तयार झाले. बँकेच्या वकिलांना वाट्यांचा तक्ता दाखवला, तेव्हा आपले आधीचे मत मिळालेल्या वंशवृक्षावर आधारलेले होते असे त्यांनी सांगितले आणि आता सहा जणांच्या सहीशिवाय कर्ज मंजूर होणार नाही असे कळविले.

अडचण आत्यांची आहे. त्यांचे म्हणणे असे की हा प्लॉट भावाने स्वतःच्या पगारातून नव्हे, तर गावाकडील एकत्र शेत विकून आलेल्या पैशातून घेतला, म्हणून आपला वाटा 3 लाखांपेक्षा अधिक आहे. 1998 च्या खरेदीपत्रात पैसे कोठून आले याचा काहीच उल्लेख नाही.

खानापूरचा काळा कोट

प्लॉट एकाच व्यक्तीच्या नावे असल्यास तो एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतला हे सिद्ध करण्याचा भार सहसा तसे म्हणणाऱ्यावर असतो. गावाकडील शेत केव्हा विकले हे पाहण्यासाठी त्या सर्व्हे नंबरची ई.सी. आणि जुन्या पहाण्या काढा. शेत 1998 च्या थोडेसे आधी विकलेले निघाले तर आत्यांच्या म्हणण्यात वजन आहे, नंतर विकलेले निघाले तर नाही. पूर्वी महसूल खात्याला वर्दी देऊन वाटणी झाली असेल तर त्याची नोंद फेरफाराच्या वहीत मिळेल. त्या दोन तारखा हातात आल्याशिवाय मी यावर मत देणार नाही.

अनगोळचा दादा

म्हणजे प्लॉट शहरातला आणि शोध आता शेतापर्यंत. माझ्या घराचे कागद मी उद्याच पुन्हा काढून पाहणार आहे. आमची आजी माझ्या चुलत्यांच्या नंतर वारली होती.

वडगावकर

गावचा सर्व्हे नंबर मिळाला आहे, सोमवारी पहाणीसाठी अर्ज देत आहे. संचकाराचे 5 लाख अजून दिलेले नाहीत. थोरल्या मुलाला तसे स्पष्ट सांगितले आणि त्यालाही ते पटले. त्या दोन तारखा मिळाल्या की येथे लिहीन.